आपांची अकरा नाणी



ईदनंतरच्या रविवारी आमच्या गल्लीतल्या शिलाईवाल्या आपा घरी आल्या. हातात रुमालाची गाठ होती. गाठ सोडली तर आत सोन्याची अकरा नाणी, प्रत्येक एक ग्रॅमचे. काही प्लास्टिकच्या कार्डात होती, काही नुसतीच कागदाच्या पुडीत. "सर, सात वर्षांत जमवलीत," त्या म्हणाल्या. "ब्लाऊज, फॉल, शाळेचे ड्रेस, सगळं यात गेलं. आता मुलीला नागपूरला नर्सिंगला पाठवायचंय. माझ्यासोबत गडचिरोलीला चला. सोनाराकडे एकटीनं जायला धीर होत नाही."

आम्ही गेलो. त्या दिवशी जे पाहिले, त्यावरच या महिन्याचे हे पान आहे. कारण परतीच्या एसटीत आपांनी विचारले, "भाचा म्हणतो, आता नाणी नका घेऊ, मोबाईलवरचं सोनं घ्या, ईटीएफ. ते काय असतं? ते खरं सोनं असतं का?" आपांच्या वळणाने, म्हणजे महिन्याकाठी दोन-तीन हजार बाजूला टाकून सोने जमवणारी घरे चामोर्शीत पुष्कळ आहेत. तुमच्याही गावात असतील.

आधी दुकानात काय झाले ते सांगतो.

अकरापैकी चार नाणी त्याच दुकानातून घेतलेली होती आणि त्यांच्या पावत्या आपांनी जपून ठेवल्या होत्या. ती चार दुकानदाराने दिवसाच्या भावातून थोडी कपात करून मुकाट्याने घेतली. बाकीची सात वेगवेगळ्या ठिकाणची होती. पाचांचे कार्ड फाटलेले किंवा हरवलेले. त्यांना यंत्राखाली ठेवले, मग कसोटीवर घासले. मालक म्हणाले, "दुसऱ्याचा माल आहे, गाळावा लागेल, घट धरावी लागेल." कपात वाढली. आणि उरलेली दोन नाणी बावीस कॅरेटची निघाली. यंत्रावर ९१.६ चा आकडा दिसला तेव्हा आपांचा चेहरा उतरला. त्यांच्या आठवणीप्रमाणे सगळी नाणी 'प्युअर' म्हणून घेतली होती. त्या दोघांची पावती नव्हती, त्यामुळे घेताना पैसे चोवीस कॅरेटचे दिले की बावीसचे, हे आता कळायला मार्ग नाही.

तरीही हातात आलेली रक्कम पाहून आपा खूश झाल्या. सात वर्षांत भाव इतका चढला की दिलेल्यापेक्षा कितीतरी जास्त मिळाले. आम्हाला मात्र खरी गोम इथेच वाटते. चढत्या भावाने नाण्याचा खर्च झाकला गेला. नफा झाला म्हणून कोणी विचारले नाही की नफ्यातला किती वाटा वाटेत सांडला. भाव नेहमी असाच चढत नाही. २०१२ साली दहा ग्रॅमचा भाव एकतीस हजारांच्या आसपास होता आणि सहा वर्षांनी, २०१८ सालीही तो तेवढ्यातच घुटमळत होता. त्या काळात नाणी घेऊन मोडणाऱ्याला सांडलेला वाटा उघड्या डोळ्यांनी दिसला असेल.

तो वाटा किती, हे कागदावर मांडू. भाव रोज बदलतो, म्हणून हिशेबापुरता एका ग्रॅमचा भाव १०,००० रुपये धरू. आपल्या दिवसाचा भाव घालून हाच हिशेब कोणालाही करता येईल.

एक ग्रॅमचे नाणे घेताना भावावर घडणावळ लागते. नाणे लहान तितकी टक्केवारी जास्त, कारण एक ग्रॅमचे नाणे पाडायला, तपासायला आणि कार्डात बंद करायला जवळपास तेवढीच मेहनत लागते जेवढी दहा ग्रॅमच्या नाण्याला. सहा टक्के धरले तर ६०० रुपये झाले. १०,६०० वर तीन टक्के जीएसटी, म्हणजे ३१८. नाणे पडले १०,९१८ रुपयांना. दुसऱ्याच दिवशी त्याच भावाने, दोन टक्के कपातीने विकले तर हातात येतात ९,८००. घडणावळ परत मिळत नाही आणि जीएसटीही परत मिळत नाही. १,११८ रुपये गेले. म्हणजे सोन्याचा भाव अकरा टक्क्यांहून जास्त वाढेल तेव्हा कुठे आपली मूळ रक्कम परत येईल.

दहा ग्रॅमच्या नाण्याला चित्र थोडे बरे असते. घडणावळ दोन टक्क्यांनी २,००० आणि जीएसटी ३,०६०, एकूण १,०५,०६०. विकताना दोन टक्के कपात गेली तर ९८,०००. इथे नुकसान सुमारे पावणेसात टक्के. पण एकदम लाखभर रुपये आपांकडे कधी होते? ज्याच्याकडे थोडे पैसे आहेत तो लहान नाणे घेतो, आणि लहान नाण्यालाच जास्त मोजावे लागते. किराण्यात जसे पाव किलोचे तेल महाग पडते तसेच.

इथे आपल्या घरांची एक वेगळी गोष्ट येते. अनेकांच्या घरी सोने अडचणीला गहाण ठेवतात, मग सोडवतात. व्याजामुळे आपल्यापैकी बरीच घरे त्या वाटेला जात नाहीत. आपण सोने मोडतो. ज्याला मोडायचेच आहे त्याच्यासाठी मोडताना मिळणारा भाव ही सगळ्यांत मोठी गोष्ट असते. म्हणून वर केलेला खरेदी-विक्रीतल्या फरकाचा हिशेब आपल्याला इतरांपेक्षा जास्त लागू पडतो. आणि ज्या बँका नाणी विकतात त्या परत विकत घेत नाहीत, हेही ध्यानात असावे. बँकेचे नाणे शुद्धतेला चांगले असले तरी मोडायला शेवटी सराफाकडेच जावे लागते.

आता भाच्याच्या मोबाईलवरच्या सोन्याकडे येऊ. हा भाचा कोनसरीच्या कारखान्यात लागला आहे आणि त्याच्याकडे डीमॅट खाते आहे.

गोल्ड ईटीएफ म्हणजे म्युच्युअल फंडाची एक योजना. फंड कंपनी लोकांच्या पैशातून सोन्याच्या विटा घेते. त्या ९९५ किंवा त्याहून जास्त शुद्धतेच्या असाव्या लागतात. विटा कंपनीच्या स्वतःच्या तिजोरीत राहत नाहीत. त्या सेबीकडे नोंदलेल्या कस्टोडियनच्या, म्हणजे सांभाळ करणाऱ्या वेगळ्या संस्थेच्या ताब्यात असतात. लेखापरीक्षक सहा महिन्यांनी जाऊन त्या प्रत्यक्ष मोजतात. या सोन्यातल्या आपल्या हिश्श्याला युनिट म्हणतात, आणि युनिट शेअरसारखे शेअर बाजारात घेता-विकता येते. भारतातला पहिला असा फंड मार्च २००७ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात आला. तेव्हा तो बेंचमार्क म्युच्युअल फंडाचा होता. हातोहात फिरत आज तो निप्पॉन इंडियाकडे आहे. मोबाईलवर शोधताना GOLDBEES या नावाने दिसतो. नाव सांगितले ते ओळख म्हणून. असे फंड आता बऱ्याच कंपन्यांचे आहेत.

या फंडाच्या युनिटमध्येच ईटीएफचा खर्चही वाचता येतो. सुरुवातीला एक युनिट म्हणजे साधारण एक ग्रॅम सोने होते. डिसेंबर २०१९ मध्ये एका युनिटचे शंभर तुकडे केले, म्हणजे एक युनिट ग्रॅमचा शंभरावा भाग व्हायला हवा. पण आज कोणी युनिटचा भाव आणि सोन्याचा भाव शेजारी ठेवून पाहिला तर युनिट ग्रॅमच्या शंभराव्या भागापेक्षा बरेच स्वस्त दिसेल. काही जण म्हणतात, वा, सोने स्वस्तात मिळतेय! तसे नाही. फंड चालवण्याचा खर्च दरवर्षी त्याच सोन्यातून वजा होतो. सोने हळूहळू झिजते. वर्षाला ०.८ टक्के खर्च धरला तर शंभर ग्रॅमचे दहा वर्षांनी ९२ ग्रॅमच्या आसपास राहते आणि पंधरा वर्षांनी ८९ च्या खाली येते. भाव वाढला तरी ही झीज चालूच असते.

म्हणजे खर्च दोन्हीकडे आहे, त्याची जागा वेगळी आहे. नाणे दारात घेते, आत येताना आणि बाहेर जाताना, मधल्या वर्षांत काही मागत नाही. ईटीएफ दारात जवळजवळ काही घेत नाही, युनिट घेताना तीन टक्के जीएसटीही भरावा लागत नाही, पण ते रोज कणाकणाने भाडे घेते. एवढे लक्षात आले की बाकी निर्णय आपोआप सोपा होतो.

आपांचाच हिशेब घ्या. महिन्याला २,००० रुपये, पाच वर्षे, एकूण १,२०,०००. फक्त खर्च दिसावा म्हणून भाव पाचही वर्षे १०,००० वरच थांबला असे समजू. एक ग्रॅमची नाणी १०,९१८ ने घेतली तर ९८ रुपये पदरचे घालून अकरा होतात. (योगायोगाने आपांचीही अकराच होती.) विकल्यावर हातात १,०७,८००. बारा हजारांहून जास्त गेले, एका नाण्याच्या किमतीपेक्षा जास्त. त्यातही आपले नाणे होईपर्यंत पाच-साडेपाच महिने पैसे डब्यात पडून राहतात, ते वेगळेच.

हेच २,००० दर महिन्याला ईटीएफमध्ये गेले तर? पैसे हळूहळू आत आले, म्हणून सरासरी अडीच वर्षेच सोने फंडात राहिले. ०.८ टक्क्यांनी झीज दोन टक्के, म्हणजे २,४०० रुपये. घेण्या-विकण्याच्या भावातला फरक आणि किरकोळ आकार मिळून चारएकशे धरा. हातात येतात १,१७,२०० च्या आसपास. नाण्यांपेक्षा नऊ हजारांहून जास्त. शिलाईवर जगणाऱ्या बाईला नऊ हजार म्हणजे काय, हे आम्ही सांगायला नको.

पण यात एक खड्डा आहे आणि लहान बचतदार नेमका त्यातच पडतो. काही दलाल प्रत्येक खरेदीला ठरावीक वीस-पंचवीस रुपये घेतात. एक लाखाच्या खरेदीवर वीस रुपये काहीच नाहीत. दोन हजारांवर वीस रुपये म्हणजे सरळ एक टक्का, वर्षभराच्या झिजेपेक्षा जास्त. त्यामुळे खाते उघडण्याआधी एकच प्रश्न विचारावा: शेअर घेऊन ठेवले तर दर खरेदीला दलाली किती? शून्य असेल तर दर महिन्याला घ्यावे. आकार असेल तर तीन महिन्यांचे पैसे जमवून एकदम घ्यावेत. विकताना डिपॉझिटरीचा पंधरा-वीस रुपयांचा आकार लागतो, म्हणून तुकड्या-तुकड्याने विकू नये. खात्याची वार्षिक फीही पाहावी. 'बेसिक' प्रकारच्या डीमॅट खात्याला, आत चार लाखांपर्यंतची मालमत्ता असेल तर, सप्टेंबर २०२४ पासून वार्षिक देखभाल शुल्क लागत नाही. पात्र माणसाने दुसरे खाते स्वतः मागितले नाही तर हेच खाते उघडून द्यायचे, असा नियम आहे.

घेताना आणखी एक काळजी. ईटीएफचा बाजारातला भाव आणि आतल्या सोन्याची खरी किंमत यांत फरक पडू शकतो. फंड कंपनी आपल्या संकेतस्थळावर दिवसभर iNAV नावाचा आकडा दाखवते. ती आतल्या सोन्याची त्या क्षणाची किंमत असते. आपण 'मिळेल त्या भावाने' असा आदेश न देता 'लिमिट' निवडून त्या आकड्याच्या जवळचा भाव टाकावा. ज्या फंडात रोज भरपूर उलाढाल आहे तिथे हा फरक पैशांत असतो. उलाढाल नसलेल्या फंडात घेणारा आणि विकणारा यांच्या भावात एक-दीड टक्क्याची दरी दिसू शकते, आणि मग स्वस्त खर्चाचा फंड महाग पडतो. सकाळी सव्वानऊला बाजार उघडल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे भाव अस्थिर असतात, ती सोडावीत. आमच्याकडे नेटवर्क दुपारी बरे असते, त्यामुळे ही अडचण आपोआप सुटते!

भाच्याला आम्ही दुसरेही एक विचारले: हे ईटीएफच आहे ना, की पैसे देण्याच्या ॲपवरचे 'डिजिटल गोल्ड'? दोन्ही मोबाईलवर पिवळ्या चित्राने दिसतात. डिजिटल गोल्डवर तीन टक्के जीएसटी लागतो, घेण्याच्या आणि विकण्याच्या भावात अंतर असते आणि सेबीची त्यावर देखरेख नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सेबीने स्वतःच तसे जाहीर करून लोकांना सावध केले. ओळखायची खूण सोपी: ईटीएफ डीमॅट खात्याशिवाय मिळत नाही.

आता आपांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. ते खरे सोने असते का? हा प्रश्न त्यांनी सहज विचारला नव्हता. त्यांच्या नात्यातले एक घर 'हलाल नफ्या'च्या सोन्यात बुडालेले आहे. आपल्या वाचकांना हे नवे नाही. हैदराबादच्या हीरा ग्रुपच्या प्रमुखांना ऑक्टोबर २०१८ मध्ये अटक झाली. बंगळुरूच्या आयएमएचे संस्थापक जून २०१९ मध्ये देश सोडून गेले आणि जुलैमध्ये दिल्लीत पकडले गेले. दोन्ही ठिकाणी सोन्याचे नाव होते, दीनचे नाव होते आणि महिन्याच्या महिन्याला पैसे देण्याचे आश्वासन होते. हजारो घरांनी तिथे पैसे ठेवले होते. आणि हे फक्त आपल्याच लोकांत घडते असेही नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ठाणे-डोंबिवलीच्या गुडविन ज्वेलर्सची दुकाने एकाएकी बंद झाली आणि सोन्याच्या मासिक योजनेत हप्ते भरणारे सगळ्या धर्मांचे लोक शटरसमोर उभे राहिले.

या सगळ्यांत फसलेल्यांच्या हाती सोने नव्हतेच. त्यांच्या हाती एका दुकानाचे किंवा एका माणसाचे वचन होते. सोने दर महिन्याला नफा देत नाही. ते पेटीत पडून राहते, भाव चढला तर चढतो, उतरला तर उतरतो. जो सोन्यावर दरमहा ठरावीक रक्कम देतो तो सोने विकत नाही, दुसरेच काही विकतो. ईटीएफ असे काही देत नाही. सोने सांभाळणारा वेगळा, मोजणारा वेगळा, आणि फंड कंपनी बुडाली तरी ते सोने कंपनीच्या देणेकऱ्यांचे होत नाही, युनिटधारकांचेच राहते. उलट, सराफाच्या अकरा महिन्यांच्या हप्ता योजनेत आपण आज पैसे देतो आणि सोने पुढे कधीतरी घेतो. तोवर आपण त्या दुकानाचे नुसते देणेकरी असतो. आणि आजचे पैसे उद्याच्या सोन्यासाठी, यावर फिकहमध्ये काय म्हटले आहे ते आपल्या मशिदीच्या इमामांना जरूर विचारावे.

शरीयतच्या बाजूने ईटीएफवरही प्रश्न आहेत, ते लपवू नयेत. सोन्याच्या व्यवहारात ताबा, म्हणजे कब्जा, लगेच व्हावा लागतो. बहरीनच्या आओफी या संस्थेने २०१६ मध्ये सोन्यासाठी खास मानक काढले. प्रत्यक्ष, वेगळे काढून ठेवलेले सोने मागे असेल आणि त्यातली मालकी खरी असेल, यावर त्यात भर आहे. उलेमांची मते एकसारखी नाहीत आणि आम्ही मुफ्ती नाही, शाळामास्तर आहोत. पण मुफ्तीसाहेबांकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. फंड दर महिन्याला आपल्याकडे काय काय आहे याचा तक्ता प्रसिद्ध करतो. तो छापून न्या. त्यात सोन्याच्या विटा किती टक्के, ते पाहा. बहुतेक भाग तोच असावा. थोडी रक्कम 'ट्रेप्स' नावाखाली, म्हणजे एका दिवसाच्या व्याजी कर्जात ठेवलेली दिसते. नियम बँकेच्या सुवर्ण ठेव योजनांत आणि वायदे बाजारातही काही हिस्सा ठेवायची सूट देतात. कोणता फंड ती सूट वापरतो आणि कोणता नाही, हे त्याच तक्त्यात कळते. एक मुफ्तीसाहेब आम्हाला म्हणाले, "लोक विचारतात, ईटीएफ जायज आहे का? मी विचारतो, कोणता? मग गप्प बसतात."

सरकारी सुवर्ण रोख्यांचे अनेकांनी विचारले आहे. त्यांवर अडीच टक्के व्याज मिळते, म्हणून आपल्या बऱ्याच घरांनी ते घेतले नाहीत. शिवाय फेब्रुवारी २०२४ नंतर नवे रोखे निघालेले नाहीत, त्यामुळे तो विषय इथेच सोडू.

जकातीत मात्र दोन्हीला एकच नियम. सोने साडेसात तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम झाले की निसाब पुरा होतो. सोन्यासोबत घरात रोकड किंवा चांदी असेल तर बहुतेक हनफी उलेमा चांदीचा निसाब, ६१२.३६ ग्रॅम, धरायला सांगतात. तो किमतीने फारच कमी असतो. म्हणजे अकरा नाणी आणि थोडी रोकड असलेल्या आपाही जकात देणाऱ्यांत बसू शकतात! नाण्याची किंमत त्या दिवशीच्या सोन्याच्या भावाने धरावी. घडणावळ आणि जीएसटी त्यात येत नाहीत. ईटीएफची किंमत युनिटच्या त्या दिवशीच्या बाजारभावाने. एक युनिट म्हणजे ग्रॅमचा शंभरावा भाग असे समजून जकात काढली तर जास्त निघेल. द्यायला ईटीएफ सोयीचे, चाळीसावा हिस्सा युनिट विकून देता येतो. नाण्याचा चाळीसावा हिस्सा कापता येत नाही, रोकड दुसरीकडून काढावी लागते.

मग नाणे घ्यायचेच नाही का? तसे नाही. मेहरमध्ये द्यायचे असेल, मुलीच्या अंगावर घालायचे असेल, किंवा वीस वर्षे हात लावायचा नसेल तर धातूच हवा. ईटीएफचे सोने लहान बचतदाराला धातूच्या रूपात मिळत नाही. तो व्यवहार किलोच्या हिशेबाने चालतो. आपल्याला युनिट विकून पैसेच मिळतात. वरच्या आकड्यांनी दहा ग्रॅमचे नाणे साधारण नऊ वर्षांच्या पुढे ईटीएफपेक्षा स्वस्त पडू लागते. एक ग्रॅमच्या नाण्याला त्यासाठी तेरा वर्षांहून जास्त लागतात. मात्र ते सांभाळायला बँकेचा लॉकर घेतला तर त्याचे भाडे जोडा, मग ही वर्षे पुढे सरकतात. लॉकरमधून चोरी झाली किंवा बँकेच्या चुकीने नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच असते. दीड हजार भाडे असेल तर दीड लाख. लॉकरमध्ये काय आहे हे बँकेला माहीत नसते.

नाणे घेणाराने दागिन्यासारखे गृहीत धरू नये. हॉलमार्कची सक्ती दागिन्यांवर आहे आणि त्यातही दोन ग्रॅमखालच्या वस्तूंना सूट आहे. नाण्यावर बीआयएसचे चिन्ह, ९९९ किंवा ९९५ चा आकडा आणि पाडणाऱ्याचे नाव आपणच मागून घ्यावे. कार्ड फाडू नये. पावतीवर वजन, शुद्धता आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी. आणि परत घेताना कपात किती, हे विकत घेण्याआधी विचारावे. जो दुकानदार या प्रश्नाला हसतो, त्याच्याकडून आम्ही तरी नाणे घेणार नाही. विक्रीवरच्या आयकराबद्दल एवढेच, की नाणे दोन वर्षांनी आणि आता घेतलेले ईटीएफ एका वर्षानंतर विकले तर नफ्यावर साडेबारा टक्क्यांचा दर लागतो. त्याआधी विकले तर नफा नेहमीच्या उत्पन्नात मिळवतात.

आपांना आम्ही जे सुचवले ते असे. जमवायचे ते ईटीएफमध्ये, तेही मुफ्तीसाहेबांना तक्ता दाखवून. लग्नाच्या वर्षभर आधी गरजेपुरती युनिट विकून दहा ग्रॅमचे एकच नाणे घ्यायचे, म्हणजे घडणावळ आणि जीएसटी एकदाच, आणि तेही मोठ्या नाण्याच्या दराने. आपांना हे पटले. फक्त एक अट त्यांनी घातली, खाते त्यांच्याच नावाचे हवे, भाच्याच्या नाही. ही अट आम्हाला फार आवडली.

आणि तिथेच गाडी अडली. आधारवर त्यांच्या नावापुढे 'बी' आहे, पॅनवर नाही, आणि बँकेच्या पासबुकात 'शेख' आधी येते. तीन कागदांवर तीन नावे. डीमॅटचा अर्ज पहिल्याच पायरीवर परत आला. आपल्या बायकांच्या कागदपत्रांत हे फार आढळते, म्हणून सांगतो: आधी आधारवरचे नाव पक्के करावे, मग त्याप्रमाणे पॅन, मग पासबुक, आणि खाते उघडतानाच वारसाचे नाव भरावे. आपांचा पॅन दुरुस्तीचा अर्ज आम्ही गेल्या गुरुवारी भरून दिला. त्यांनी शिलाईचे दोन हजार तोवर डब्यातच ठेवले आहेत.